सहावा आठवडा, ७९ अंश आणि सर्जनना लिहिलेलं पत्र

गुडघ्याचा सांधा बदलल्यावर साधारण सहाव्या आठवड्याला पेशंट सर्जनकडे तपासणीला जातो, तेव्हा बरोबर फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी असते. निदान असायला हवी. बऱ्याच चिठ्ठ्यांत "गुडघा आखडला आहे, नीट वाकत नाही, कृपया पाहावे" एवढंच असतं. ते सर्जनना पेशंट आत चालत येतानाच दिसलेलं असतं. गुडघा का वाकत नाही, हे मात्र त्यातून कळत नाही आणि उपाय सगळा त्यावर अवलंबून असतो. दुखण्यामुळे अडलेल्या गुडघ्याला नीट वेदनाशमन आणि थोडा वेळ दिला की तो पुढे सरकतो. आतून चिकटलेल्या गुडघ्याला कदाचित भूल देऊन वाकवावं लागतं. इम्प्लांट मापाला मोठा बसला असेल तर आम्ही फिजिओथेरपिस्टनी कितीही व्यायाम घेतले तरी उपयोग नसतो. आणि आत जंतुसंसर्ग असेल तर यातलं काहीही करणं धोक्याचं.

तासगाव तालुक्यातल्या एका मावशींच्या बाबतीत मिरजेच्या सर्जनना लिहिलेलं पत्र आणि त्याच्या आधीची तपासणी इथे मांडते आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

मावशींचं वय ६३. घरची द्राक्षबाग, हंगामात बेदाणा निवडायचं काम, त्यामुळे आयुष्य जमिनीवर बसण्यात गेलेलं. दोन्ही गुडघे झिजून बाहेरच्या बाजूला वाकलेले, उजवा जास्त. मधुमेह दहा-बारा वर्षांचा. मे महिन्यात उजव्या गुडघ्याचा पूर्ण सांधा बदलला, पाचव्या दिवशी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर इम्प्लांटचा प्रकार होता, गुडघ्याच्या आतला मागचा अस्थिबंध, म्हणजे मागचा क्रूसिएट लिगामेंट, काढून बसवायचा. शस्त्रक्रियेआधी गुडघा ११५ अंशांपर्यंत वाकत होता, अशीही नोंद होती. ही नोंद सोन्यासारखी. शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकेल याचा सगळ्यात चांगला अंदाज तो आधी किती वाकत होता यावरून येतो. आधीच ८० अंशांवर अडलेल्या गुडघ्याकडून १२० ची अपेक्षा धरली तर पेशंटही निराश होतो आणि आपणही. इथे तसं नव्हतं. या गुडघ्याला वाकण्याची सवय होती.

त्या माझ्याकडे आल्या तिसऱ्या आठवड्यात, टाक्यांच्या पिना काढून झाल्यावर. तोवर घरी काय चाललं होतं ते विचारलं तर म्हणाल्या, "टाकं तुटतील म्हून वाकवलाच न्हाई. सगळी म्हणायची, जपून ऱ्हा." आणि दुखू नये म्हणून सुनेने प्रेमाने गुडघ्याखाली उशी ठेवलेली, रात्रंदिवस. या दोन गोष्टी आपल्या भागात इतक्या सर्रास दिसतात की मी त्या प्रत्येकाला विचारतेच. नीट शिवलेली जखम पलंगाच्या कडेला बसून गुडघा वाकवल्याने उसवत नाही. उशीमुळे मात्र गुडघा अर्धवट वाकलेल्या स्थितीत राहतो, मग तो पूर्ण सरळही होत नाही आणि पुढे वाकतही नाही. मावशींचा गुडघा पहिल्या तपासणीत १० अंशांनी सरळ व्हायचा राहत होता आणि ६४ अंशांवर थांबत होता.

पुढचे तीन आठवडे आठवड्यातून पाच दिवस व्यायाम झाले. वाकणं चौथ्या आठवड्याअखेर ७४, पाचव्याला ७८ आणि सहाव्याला ७९. सरळ होणं मात्र छान सुधारलं, ३ अंशच राहिले. यातला महत्त्वाचा आकडा ७९ नाही. महत्त्वाचा आहे ७८ वरून ७९. गोनिओमीटरने, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीने, मोजताना चार-पाच अंशांचा फरक नुसत्या मोजण्यातही पडतो, म्हणजे शेवटच्या आठवड्यात काहीच मिळालेलं नव्हतं. हाच गुडघा ६४, ७०, ७५, ७९ असा चढत आला असता तर मी पत्रात "हळू आहे पण चालला आहे, दोन आठवडे थांबू" असं लिहिलं असतं. एकच आकडा पाठवला तर हा फरक सर्जनना दिसणारच नाही.

घरच्या घरी पडताळा घ्यायला एक सोपी युक्ती आहे. रोज त्याच खुर्चीत मागे टेकून बसायचं, टाच न उचलता पाऊल जमेल तेवढं मागे ओढायचं आणि अंगठ्यापाशी फरशीवर खडूने रेघ मारायची. सून रोज रेघ मारायची, तारखेसकट. पाचव्या आठवड्यापासून रेघा एकमेकींवर पडायला लागल्या होत्या, म्हणजे माझ्या मोजमापाला घरून दुजोरा मिळाला.

आता गुडघा नेमका कशामुळे अडतोय, याचा शोध. इथेच सगळा वेळ द्यावा लागतो.

आधी मोजणं एकसारखं केलं. उताणं झोपवून, मांडीच्या हाडाचा वरचा, बाहेरच्या बाजूचा उंचवटा, गुडघ्याची बाहेरची बाजू आणि बाहेरचा घोटा, या तीन खुणांवर लांब पट्ट्यांचा गोनिओमीटर. आधी स्वतः वाकवायला सांगितलं, ७४. मग मी हलका दाब देऊन वाकवला, ७९. हे दोन आकडे जवळजवळ आहेत. स्वतः ५५ आणि मी वाकवल्यावर ९०, असं असतं तर सांध्यात जागा आहे पण स्नायू किंवा भीती आड येते आहे, असा अर्थ निघाला असता. इथे सांधाच पुढे जात नव्हता.

मग शेवटच्या टोकाला हात तसाच धरून थांबले. ही तपासणी पुस्तकात एका ओळीत असते, पण ती शिकायला वर्षं लागतात. दुखण्यामुळे अडणारा गुडघा टोकाला पोहोचण्याआधीच ताठतो. मांडीवर दुसरा हात ठेवला तर पुढचा स्नायू एकदम कडक झालेला लागतो, चेहरा आक्रसतो, आणि तसंच अर्धा मिनिट गप्पा मारत धरून राहिलं की स्नायू सैल पडून पाच-सात अंश सहज मिळतात. हाडावर किंवा इम्प्लांटवर अडणारा गुडघा ठक्कन थांबतो, त्याला पुढे लवच नसते. मावशींचा गुडघा दोन्हीपैकी नव्हता. मांडी मऊ, बोलणं चालू, आणि तरी ७९ ला गुडघा चामड्याचा पट्टा ताणल्यासारखा थांबायचा. किंचित लवायचा, सोडला की परत यायचा.

दुखण्याचा भाग अजून एकदा वेगळा काढायचा म्हणून दुसऱ्या दिवशी वेदनाशामक गोळी तपासणीच्या तासभर आधी घ्यायला लावली आणि पुन्हा मोजलं. दुखणं दहापैकी सहावरून तीनवर आलं. वाकणं ८० झालं. वेदना निम्मी झाली आणि गुडघा एका अंशाने पुढे गेला, म्हणजे वेदना हे मुख्य कारण नाही.

यानंतर वाटी. गुडघा वाकताना वाटी मांडीच्या हाडावरून काही सेंटिमीटर खाली घसरायला हवी. तिच्या वर एक पातळ पिशवीसारखी जागा असते, तिचे दोन पदर एकमेकांवरून सरकतात म्हणून वाटीला खाली यायला वाव मिळतो. शस्त्रक्रियेनंतर रक्त साठून हे पदर एकमेकांना चिकटले की वाटी वर अडकून राहते आणि गुडघा ७०-८० च्या पुढे जात नाही. मावशींची वाटी आडवी थोडीफार हलत होती, पण खाली ढकलली तर जागची हलत नव्हती. डाव्या गुडघ्याशी तुलना केली की फरक लगेच कळत होता. वाटीच्या वर बोटांना जाड, घट्ट थर लागत होता.

पालथं झोपवून मोजलं तेव्हा ७२ आलं. मांडीचा पुढचा लांब स्नायू कमरेवरूनही जातो, त्यामुळे पालथं झोपल्यावर तो ताणला जातो. पालथं ४५ आणि उताणं ९० असं असतं तर दोष त्या स्नायूचा म्हटला असता. सात अंशांचा फरक म्हणजे स्नायू थोडा आखडला आहे, पण खरी अडचण सांध्याच्या आत आहे.

मग जे असू नये ते शोधणं. जखम कोरडी, कुठेही पाझर नाही. ताप नव्हता, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं नव्हतं. गुडघा दुसऱ्यापेक्षा कोमट होता, पण बदललेला गुडघा कित्येक महिने थोडा गरम राहू शकतो. तेवढ्यावरून संसर्ग म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. पोटरी मऊ, दाबल्यावर दुखत नव्हती. त्वचेचा रंग बदलणं, नुसत्या स्पर्शाने आग होणं, घाम सुटणं, यातलं काही नव्हतं, त्यामुळे नसांच्या बिघाडातून येणाऱ्या वेदनेची शंका घेण्यासारखं काही दिसलं नाही. खुब्याचा सांधा फिरवून पाहिला, तो बिनदुखता फिरला. गुडघ्याचं दुखणं कधी खुब्यातून येतं, म्हणून तो बघायचा.

इम्प्लांट कसा बसला आहे, त्याचा मांडीच्या हाडावरचा भाग मोठा आहे का, वाटी फार खाली बसली आहे का, हे हाताने कळत नाही. आणि रक्ततपासणीशिवाय संसर्ग पुरता नाकारता येत नाही. माझी हद्द इथे संपते आणि पत्र इथे सुरू होतं.

त्याच आठवड्यात मावशींचा मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं एक जण हाडं बसवतोय, लई नाव हाय त्याचं. एकदा त्येच्याकडून वाकवून घिऊ का? एका झटक्यात मोकळा हुईल म्हणत्यात." त्याला रागावण्यात अर्थ नव्हता, आई सहा आठवडे कष्ट करते आणि गुडघा जागचा हलत नाही, तर माणूस वाटा शोधणारच. त्याला एवढंच सांगितलं की जागेपणी पेशंट जिवाच्या आकांताने मांडी ताठ करतो, समोरचा पोटरीला धरून जोर लावतो, आणि लांब दांड्याचा तो सगळा जोर गुडघ्याच्या वर मांडीच्या हाडावर किंवा वाटीखालच्या पट्ट्यावर येतो. हाड मोडलं किंवा पट्टा उखडला तर गुडघा आखडण्यापेक्षा फार मोठं संकट. हेच काम करायची वेळ आली तर ते भूल देऊन, स्नायू पूर्ण ढिले असताना, सर्जननी करायचं असतं.

आणि ते करायचं असेल तर त्याला मुदत असते. सहा आठवड्यांनी गुडघा ९० च्या आत असेल तर बहुतेक सर्जन भूल देऊन वाकवण्याचा विचार सुरू करतात. साधारण बारा आठवड्यांच्या आत केलं तर निकाल चांगले मिळतात, कारण तोवर आतली चिकटण कोवळी असते. त्यानंतर ती पिकत जाते, जोर जास्त लागतो, धोका वाढतो, मिळकत घटते. मग दुर्बिणीतून किंवा उघडून चिकटण सोडवायची वेळ येऊ शकते. "महिनाभर व्यायाम करून बघू" हा सल्ला म्हणूनच सहाव्या आठवड्यात निरुपद्रवी नसतो.

पत्र एका पानात बसवलं. मूळ इंग्रजीत होतं, मजकूर असा:

"आदरणीय सर,

आपल्या पेशंट, वय ६३, उजवा गुडघा बदलून सहा आठवडे पूर्ण. वाकणं ७९ अंशांवर थांबलं असून गेल्या आठवड्यात प्रगती नाही. भूल देऊन वाकवण्याचा विचार करावा का, यासाठी आपलं मत हवं आहे. आपली भेट येत्या आठवड्यात व्हावी ही विनंती.

वाकणं, मी वाकवल्यावर, उताणं झोपून: तिसरा आठवडा ६४, चौथा ७४, पाचवा ७८, सहावा ७९. सरळ होण्यातली कमतरता १० वरून ३ वर आली आहे. आपल्या कार्डानुसार शस्त्रक्रियेआधीचं वाकणं ११५.

स्वतः वाकवणं ७४, म्हणजे जवळजवळ तेवढंच. टोकाला स्नायू ताठत नाही. अडथळा घट्ट, चिवट, हाडासारखा नाही. वेदनाशामक घेतल्यावर वेदना सहावरून तीनवर आली, वाकणं ८० झालं. वाटी खाली सरकत नाही, वरच्या भागात जाडपणा. पालथं ७२. माझ्या मते चित्र वेदनेपेक्षा आतल्या चिकटण्याचं आहे.

जखम भरलेली, पाझर नाही, ताप नाही, रात्रीची वेदना नाही, पोटरी मऊ, खुबा मोकळा. वाटीच्या मध्यावर घेर दुसऱ्या बाजूपेक्षा २ सेंमी जास्त. पहिले दोन आठवडे घरी वाकवण्याचे व्यायाम झाले नाहीत आणि गुडघ्याखाली उशी होती. गेल्या महिन्यातलं एचबीए१सी ८.४.

कृपया तीन गोष्टी कळवाव्यात. टाके घालून झाल्यावर टेबलावर गुडघा किती वाकत होता? एक्स-रेमध्ये इम्प्लांटचं माप, वाटीची उंची किंवा मांडीच्या हाडाला पुढे खाच, यात काही आढळतं का? ईएसआर आणि सीआरपी करावेत असं आपल्याला वाटतं का?

तोवर व्यायाम चालू ठेवले आहेत, पण जोर वाढवलेला नाही, कारण जोर वाढवलेल्या दिवशी घेर वाढतो आणि दुसऱ्या दिवशी वाकणं कमी होतं. पेशंटना खुर्चीतून हात न टेकता उठणं आणि घराचा जिना उतरणं जमावं एवढी अपेक्षा आहे. जमिनीवर बसण्याची नाही, हे त्यांनी स्वीकारलं आहे."

पत्रातल्या काही गोष्टींबद्दल थोडं सांगते.

प्रश्न पहिल्या परिच्छेदात आहे. सर्जन ओपीडीत पत्र वाचतात तेव्हा बाहेर पन्नास माणसं बसलेली असतात. शेवटी टाकलेला प्रश्न कधीकधी वाचला जात नाही. "मॅनिप्युलेशन करावं", म्हणजे भूल देऊन वाकवावं, असं मी लिहिलेलं नाही. तो निर्णय त्यांचा आहे. पण माझं मत दडवलेलंही नाही. चिकटण वाटते आहे, हे सरळ लिहिलं आहे आणि कशावरून वाटते तेही.

टेबलावरच्या वाकण्याचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो आणि तोच कमी विचारला जातो. शस्त्रक्रिया संपल्यावर, मांडी उचलून धरली की पाय स्वतःच्या वजनाने किती वाकतो, हे सर्जन पाहतात. तिथे गुडघा १२० ला सहज पडला असेल तर इम्प्लांट आणि सांध्यातली जागा ठीक आहे, जे झालं ते नंतर झालं. तिथेच ९० ला अडला असेल तर आम्ही त्याच्याकडून १०५ मागत राहणं हा पेशंटवर अन्याय आहे. हा आकडा कार्डावर क्वचितच असतो, पण सर्जनच्या नोंदींत किंवा आठवणीत असतो.

एचबीए१सी हा मधुमेहाचा आकडा मुद्दाम दिला. साखर चढी असली की संसर्गाचा धोका वाढतो, आखडण्याचा धोकाही अधिक मानला जातो, आणि भूल द्यायची तर भूलतज्ज्ञ तेच आधी विचारणार. आधीच कळलं की फिजिशियनकडे जाण्यातला वेळ वाचतो.

उशी आणि न झालेल्या व्यायामांचं वाक्य लिहिताना शब्द जपून वापरावे लागतात. ते तक्रारीसारखं वाचलं तर सर्जनना वाटतं दोष त्यांच्या सूचनांवर टाकला, आणि पेशंटच्या हातात पत्र असतं, सुनेने वाचलं तर घरात वाद. झालं ते एका वाक्यात, विशेषण न लावता.

पेशंटची अपेक्षाही पत्रात हवी, कारण ७९ अंश चांगले की वाईट हे त्यावर ठरतं. सपाट रस्त्यावर चालताना पाय पुढे टाकायला ६५-७० अंश पुरतात. जिना चढायला ८५ च्या आसपास, उतरायला त्याहून थोडं जास्त आणि साध्या उंचीच्या खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायला साधारण ९५ ते १०५ लागतात. म्हणजे ७९ मध्ये मावशी घरात चालू शकत होत्या, पण खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकायच्या, जिना एकेक पायरीवर दोन्ही पाय ठेवून उतरायच्या आणि एसटीच्या उंच पायरीवर मुलाला हात द्यावा लागायचा.

पत्र मावशींच्या हाती दिलं आणि त्याचा फोटो सर्जनना व्हॉट्सॲपवर पाठवला. कागद पिशवीत राहून जातो, असा सगळ्यांचाच अनुभव असावा.

त्यांचा फोन त्याच संध्याकाळी आला. "टेबलवर ग्रॅव्हिटीने १२० होता, मला आठवतोय हा गुडघा. उद्याच पाठवा." दुसऱ्या दिवशी एक्स-रे झाले. बाजूने काढलेल्या चित्रात इम्प्लांटचा मांडीच्या हाडावरचा भाग मापाचा होता, वाटीची उंची ठीक होती, हाडाला पुढून खाच गेलेली नव्हती. खाच असली तर वाकवताना तिथेच हाड मोडू शकतं, म्हणून ती आवर्जून पाहतात. संसर्ग किंवा दाह असला की चढणाऱ्या दोन रक्ततपासण्यांपैकी सीआरपी ४, म्हणजे सामान्य. ईएसआर ३८, म्हणजे जास्त, पण शस्त्रक्रियेनंतर ईएसआर बरेच आठवडे चढा राहतो आणि सीआरपी त्याआधीच खाली येतो. दोन्ही चढे असते तर सांध्यातलं पाणी काढून तपासल्याशिवाय त्यांनी हात लावला नसता. पंधरा दिवसांत साखर आटोक्यात आणून आठव्या आठवड्यात भूल देऊन वाकवायचं ठरलं.

मधल्या दोन आठवड्यांत मी जोर कमीच ठेवला. सूज उतरवणं, मांडीचा स्नायू जागा ठेवणं आणि पूर्ण सरळ होणं टिकवणं एवढंच. हे शेवटचं विसरू नये. वाकण्याच्या नादात सरळ होणं गमावलं तर चाल लंगडी होते आणि ते परत मिळवणं जास्त अवघड.

प्रत्यक्ष प्रक्रिया काही मिनिटांची असते. पाठीत भूल, शिवाय मांडीच्या आतल्या बाजूच्या नसेजवळ औषध, जेणेकरून नंतरचा दिवसही कमी दुखावा. खुबा ९० अंशांत वाकवून सर्जन हात पोटरीवर खाली न धरता गुडघ्याच्या अगदी जवळ, नडगीच्या वरच्या टोकावर ठेवतात आणि सावकाश, न सोडता दाबतात. हात जवळ असल्याने हाडावर ताण कमी येतो. चिकटण सुटते तसा कापड फाटल्यासारखा आवाज येतो. मावशींचा गुडघा ११५ पर्यंत गेला, स्वतःच्या वजनाने ११० ला पडला. लगेच एक्स-रे काढून हाड ठीक असल्याची खात्री केली. सर्जननी चिठ्ठीवर हे दोन्ही आकडे लिहून पाठवले. मला तेच हवे होते, कारण आता मला किती सांभाळायचं आहे ते कळलं.

टेबलावरचे अंश पेशंटच्या खात्यावर जमा झाले असं समजू नये. सुटलेल्या जागी पुन्हा रक्त साठतं, सूज येते, आणि दोन-चार दिवसांत गुडघा मागे यायला लागतो. म्हणून त्याच दुपारी भुलीचा असर असतानाच वाकवणं सुरू झालं. घरी आल्यावर पहिले दोन आठवडे रोज माझ्याकडे, शिवाय घरी दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं. प्रत्येक वेळी आधी गोळी, नंतर बर्फ आणि पाय उंच. तरीही पाचव्या दिवशी मोजलं तेव्हा ९६ भरले. सून घाबरली, "पुन्हा गेलं का सगळं?" तिला आधीच सांगून ठेवलं होतं की थोडं मागे येणार, तरी घाबरलीच. नवव्या आठवड्याच्या शेवटी ९८, दहाव्याला १०१, बाराव्याला १०२. वाटी आता खाली सरकत होती. सरळ होण्यात काही गमावलं नाही.

आधीचे ११५ परत आले नाहीत आणि येतील असंही मी सांगितलं नव्हतं. मावशी खुर्चीतून एक हात हलकासा टेकून उठतात, जिना कठड्याला धरून पाय आलटूनपालटून उतरतात. बेदाणा निवडायला टेबल-खुर्ची मांडून घ्यायचं ठरलं आहे, "खुर्चीवर बसून निवडला तर काय बेदाणा आंबट व्हतोय व्हय?" असं त्यांनीच शेजारणीला सुनावलं.

बाराव्या आठवड्यात सर्जनना दुसरं, चार ओळींचं पत्र गेलं. त्यात टेबलावरचं, पाचव्या दिवसाचं आणि आत्ताचं वाकणं, आणि डाव्या गुडघ्याबद्दल एक विनंती. तो गुडघाही बदलावा लागणार आहे, बहुधा पुढच्या वर्षी. त्या वेळी शस्त्रक्रियेआधी एकदा माझ्याकडे मोजून घ्यावं, टेबलावरचं वाकणं कार्डावर लिहावं आणि घरी सोडताना पिना निघायची वाट न पाहता वाकवायला सांगितल्याचं मराठीत लिहून द्यावं, असं कळवलं. तिन्हीला त्यांचा होकार आला. घरी उशीचं काय करायचं, ते सुनेला ठाऊक आहे.